स्वस्त राउटर पुष्कळ उपकरणांपुढे मंद का होतो?

(केंद्र संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतील इंटरनेट मंद झाले म्हणजे पहिला दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या तारेला दिला जातो, आणि पहिला उपाय म्हणून अधिक वेगाची, अधिक दराची योजना घेण्याचा विचार होतो. पुष्कळदा हा दोषही खरा नसतो व हा उपायही कामाचा नसतो. तार निर्दोष असते, बाहेरचा वेग पुरेसा असतो, आणि अडथळा शाळेतच, भिंतीवर टांगलेल्या लहानशा राउटरमध्ये असतो. तो अडथळा कोणत्या स्वरूपाचा असतो आणि गावच्या शिक्षकास तो कसा ओळखता येतो, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विवेचन सोपे व्हावे म्हणून एका शाळेची हकीकत आधाराला घेतली आहे.

ही शाळा इयत्ता सातवीपर्यंतची. शिक्षक सहा, टॅब चाळीस, कार्यालयात एक लॅपटॉप. फायबरची जोडणी १०० एमबीपीएस वेगाची. राउटर बाजारात मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त वर्गातील. शाळेतील टॅब वीस-वीसच्या दोन तुकड्यांनी वापरले जात. सकाळी सहावीचा वर्ग, दुपारी सातवीचा. एका तुकडीचे काम आटोपले की तिचे टॅब लोखंडी कपाटात ठेवून कपाट बंद होई.

या शाळेत दोन तक्रारी होत्या. पहिली रोजची. वीस मुलांनी एकदम पाठाची चित्रफीत लावली की सारेच रेंगाळे. मुले थांबली की पुन्हा सुरळीत होई. दुसरी तक्रार चमत्कारिक होती. सोमवार ते बुधवार काम कसेबसे चाले, परंतु गुरुवारी सकाळपासून नवीन पानच उघडेनासे होई. गंमत अशी की, ज्या मुलाची चित्रफीत आधीच चालू असे ती चालतच राही. शेजारच्या मुलाचे पान मात्र नुसते फिरत राही. गुरुवार हा गावच्या बाजाराचा दिवस. तेव्हा बाजाराच्या गर्दीमुळे वेग घटतो, असा सर्वांचा समज झाला. शाळा व्यवस्थापन समितीने २०० एमबीपीएसची योजना घेण्याचे जवळजवळ ठरविले. तिचा जादा खर्च महिना ४०० रुपये, म्हणजे वर्षाला ४,८०० रुपये होता. शाळेच्या सादिलाच्या मानाने ही रक्कम लहान नव्हे.

हा खर्च योग्य ठरला असता की नाही, हे समजण्यासाठी राउटर करतो काय ते प्रथम पाहिले पाहिजे.

राउटरचे काम कार्यालयातील आवक-जावक लिपिकासारखे आहे. कार्यालयात विभाग अनेक असले, तरी बाहेरच्या जगाला पत्ता एकच ठाऊक असतो. आतील विभागाचे पत्र बाहेर जाताना लिपिक त्यावर जावक क्रमांक घालतो व नोंदवहीत लिहून ठेवतो की, या क्रमांकाचे पत्र अमुक विभागाचे. उत्तर येते ते त्या क्रमांकाचा हवाला देऊन येते. लिपिक वही उघडतो, क्रमांक शोधतो आणि उत्तर योग्य विभागाकडे पोचवितो. वहीत नोंद नसेल तर आलेले उत्तर कोणाचे हे त्याला सांगता येणार नाही.

राउटरचे नेमके हेच चालते. शाळेतील चाळीस टॅबांना आत निरनिराळे पत्ते असतात. परंतु बाहेर सर्व शाळेचा पत्ता एकच. टॅबकडून निघालेल्या प्रत्येक जोडणीला राउटर एक क्रमांक देतो. त्याला पोर्ट म्हणतात. तो क्रमांक आणि टॅबचा आतील पत्ता यांची जोडी तो आपल्या नोंदवहीत टिपून ठेवतो. या कामात लिपिकाची बुद्धी व हात म्हणजे राउटरमधील प्रोसेसर. आणि वही ठेवण्याचे टेबल म्हणजे त्याची मेमरी. एका वर्गातील मुलांची संख्या तीच असूनही एक राउटर निभावतो व दुसरा मोडतो, याची कारणे या दोहोंत सापडतात.

प्रथम प्रोसेसरचा विचार करू. इंटरनेटवरील मजकूर अखंड धारेसारखा येत नाही. तो लहान लहान पुडक्यांनी येतो. त्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट सामान्यतः मोठ्यात मोठे १,५०० बाइटचे असते. १०० एमबीपीएसची तार पूर्ण भरून वाहत असेल आणि सर्व पॅकेटे मोठी असतील, तर सेकंदाला सुमारे ८,३०० पॅकेटे राउटरपुढे येतात. सदर शाळेच्या राउटरमधील प्रोसेसर एकच गाभ्याचा आणि ५८० मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला त्याचे ५८ कोटी ठोके. भागाकार केला तर एका पॅकेटच्या वाट्याला सुमारे ७०,००० ठोके येतात. एवढ्यात पॅकेट उतरवून घेणे, वहीत क्रमांक शोधणे, पत्ता बदलणे व पुढे पाठविणे ही कामे निवांत होतात.

परंतु सर्वच पॅकेटे मोठी नसतात. मुले एकमेकांना आवाज पाठवितात, टॅब पावत्या परत करतात, ॲप क्षणोक्षणी लहान निरोप धाडतात. पॅकेट सरासरी १५० बाइटचे झाले, तर त्याच वेगाला सेकंदाला सुमारे ८३,००० पॅकेटे होतात आणि एकाच्या वाट्याला ७,००० ठोकेसुद्धा राहत नाहीत. लिपिकाला पत्राची लांबी त्रास देत नाही. पत्रांची संख्या त्रास देते. म्हणून केवळ "किती एमबीपीएस" या आकड्यावरून राउटरचा भार समजत नाही.

यातही सर्व पॅकेटांचे श्रम सारखे नसतात. एखाद्या नव्या जोडणीचे पहिले पॅकेट सर्वांत महाग असते. ते आले म्हणजे प्रवेशाचे सर्व नियम तपासावे लागतात, नवा क्रमांक द्यावा लागतो, नवी नोंद करावी लागते. त्याच जोडणीच्या पुढच्या पॅकेटांना ही तपासणी लागत नाही. नोंद सापडली की पुढे धाडले. म्हणून एक मुलगा तासभर एकच मोठी चित्रफीत पाहतो त्यापेक्षा वीस मुले एकाच मिनिटाला वीस निरनिराळी पाने उघडतात, हा प्रसंग प्रोसेसरला अधिक जड जातो. वर्गात तर हेच घडते. "उघडा" असे शिक्षकांनी म्हटले की वीस बोटे एकदम टेकतात.

स्वस्त राउटरच्या बनविणाऱ्यांना प्रोसेसरची ही दुर्बलता ठाऊक असते. म्हणून पुष्कळ यंत्रांत एक आडवाट ठेवलेली असते. जोडणी एकदा प्रस्थापित झाली की पुढची पॅकेटे प्रोसेसरपर्यंत न जाता चिपमधील खास जागेतूनच परस्पर पुढे जातात. त्यामुळे दुबळा प्रोसेसरही मोठा वेग दाखवू शकतो. परंतु ही आडवाट एका अटीवर चालते: प्रत्येक पॅकेट प्रोसेसरने पाहावे अशी मागणी कोणी करता कामा नये. कोणाच्या कामाला अग्रक्रम द्यावा हे ठरविणारी `QoS` नावाची सोय, कोणी किती वापर केला याची मोजदाद, संकेतस्थळे रोखणारी चाळणी, यांपैकी एखादी चालू केली म्हणजे बहुतेक स्वस्त यंत्रांत आडवाट बंद होते आणि सर्व पॅकेटे पुन्हा लिपिकाच्या टेबलावरून जाऊ लागतात. चांगल्या हेतूने चालू केलेली सोयच मग मंदपणाचे कारण होते.

आता मेमरीकडे वळू. सदर राउटरमध्ये मेमरी ३२ एमबी होती. ज्या लिनक्स प्रणालीवर असे बहुतेक राउटर चालतात ती प्रणाली नोंदवहीची घरे किती ठेवावी हे मेमरीच्या मानाने ठरविते. ३२ एमबीच्या यंत्रात तो आकडा सुमारे २,०४८ येतो. दोन हजार म्हणजे पुष्कळ, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु घर एका टॅबला एक लागत नाही. एका जोडणीला एक लागते. एखादे साधे पान उघडताना चित्रे एका ठिकाणाहून, अक्षरे दुसऱ्या ठिकाणाहून, चित्रफीत तिसऱ्या ठिकाणाहून येते, आणि प्रत्येक ठिकाणाचा पत्ता विचारण्यासाठी आणखी एक जोडणी होते. पाठीमागे ॲपांचे निरोप चालू असतात ते वेगळेच. एका टॅबला तीस घरे लागली तर त्यात नवल नाही.

वही मोठी का करीत नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. एका नोंदीस सुमारे ३०० बाइट लागतात. २,०४८ नोंदींना पाऊण एमबीदेखील लागत नाही. परंतु ३२ एमबीपैकी बराच मोठा भाग यंत्राची स्वतःची प्रणालीच व्यापते. उरलेल्यात रांगेत थांबलेली पॅकेटे ठेवायची असतात, आणि प्रत्येक जोडलेल्या उपकरणाची वेगळी रांग व किल्ली सांभाळायची असते. मेमरी संपली म्हणजे प्रणाली स्वतःचेच एखादे चालू काम बंद पाडते, किंवा यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. तात्पर्य, लहान टेबलावर मोठी वही उघडली तर इतर कागद खाली पडतात.

म्हणूनच राउटरसाठी मुक्त प्रणाली तयार करणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पाने २०२१ साली काढलेल्या २१.०२ या आवृत्तीपासून किमान मर्यादा ६४ एमबी मेमरी व ८ एमबी साठवण अशी ठेवली. सदर शाळेचे यंत्र त्या मर्यादेच्या निम्मे होते.

वहीसंबंधी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, नोंद केव्हा मिटवावी हे लिपिकाला नेहमी कळत नाही. जोडणी रीतसर संपली तर दोन्ही बाजू निरोप घेतात आणि एकदोन मिनिटांत घर मोकळे होते. परंतु टॅब निरोप न घेताच नाहीसा झाला तर? बहुतेक दूरचे संगणक काही वेळाने आपल्या बाजूने निरोप पाठवितात व नोंद मिटते. जे पाठवीत नाहीत त्यांच्या नोंदी तशाच राहतात. अशी नोंद किती काळ सांभाळावी, याची लिनक्समधील मूळ मुदत ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस आहे. ओपनडब्ल्यूआरटीने ती ७,४४० सेकंद, म्हणजे दोन तास चार मिनिटे इतकी खाली आणली आहे. परंतु सदर शाळेच्या यंत्रात मूळचीच मुदत होती.

आता गुरुवारचे कोडे सुटू लागते. टॅब लोखंडी कपाटात गेला की वायफायपासून तुटतो. चालू जोडण्यांचा निरोप घेण्यास त्याला अवधीच मिळत नाही. प्रत्येक टॅबमागे अशा बारा नोंदी मागे राहिल्या असे धरू. चाळीस टॅबांच्या मिळून दिवसाला ४८० होतात. दुसऱ्या दिवशी तेच टॅब पुन्हा येतात, पण जोडण्या नव्या असतात; त्यामुळे जुन्या नोंदी उपयोगी पडत नाहीत, नव्यांची भर मात्र पडते.

शनिवारी शाळा सुटताना मुख्य बटण बंद होई, म्हणून सोमवारी राउटर कोऱ्या वहीने सुरू होत असे. आठवड्यात तो रात्रंदिवस चालूच राही. सोमवारअखेर ४८० मृत नोंदी, मंगळवारअखेर ९६०, बुधवारअखेर १,४४०. त्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्या वीस टॅबांच्या ६०० आणि शिक्षकांच्या सहा मोबाइलांच्या सुमारे ९० नोंदी मिळवाव्या. बुधवारी दुपारी सकाळच्या तुकडीच्या २४० मृत नोंदी धरून एकूण १,८९० होतात. वही काठोकाठ, पण पुरते. गुरुवारी सकाळी १,४४०, ६०० आणि ९० मिळून २,१३० होतात. घरे २,०४८. वही भरली. बाजाराशी या गोष्टीचा काही संबंध नव्हता.

वही भरल्यावर प्रणाली प्रथम कच्च्या नोंदी, म्हणजे ज्यांना अजून दोन्ही बाजूंची पक्की ओळख पटलेली नाही अशा नोंदी, काढून जागा करू पाहते. प्रस्थापित जोडण्यांना ती हात लावीत नाही. त्याही उपायाने जागा झाली नाही तर नव्या जोडणीचे पॅकेट टाकून दिले जाते. म्हणून चालू चित्रफीत चालत राहते आणि नवे पान अडते. हे लक्षण ज्यास ओळखता आले, त्याने अर्धे निदान केले असे समजावे.

आता परीक्षेची रीत. सदर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ज्या क्रमाने तपास केला तोच क्रम येथे दिला आहे.

प्रथम त्यांनी बाहेरच्या तारेची परीक्षा केली. सकाळी सातला, शाळेत कोणी नसताना, लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग मोजला. तो ९४ एमबीपीएस भरला. १०० ऐवजी ९४ का, असे कोणास वाटेल. या राउटरची भोके १०० एमबीपीएसचीच असून पॅकेटच्या वेष्टनात थोडा वेग खर्च होतो. म्हणून प्रत्यक्ष मजकुराला एवढाच मिळतो. तार निर्दोष ठरली. आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानी आली: २०० एमबीपीएसची योजना घेतली असती, तरी ती या १०० एमबीपीएसच्या भोकातून आत आलीच नसती.

मग दुसरी परीक्षा. सहावीचा वर्ग भरात असताना लॅपटॉप तारेनेच जोडलेला ठेवून त्यांनी दोन आज्ञा एकामागून एक चालविल्या:

```
ping -t 192.168.0.1
ping -t 8.8.8.8
```

पहिली आज्ञा राउटरलाच हाक मारते व उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखविते. काही यंत्रांचा पत्ता `192.168.1.1` असतो. दुसरी आज्ञा बाहेरच्या जगातील एका संगणकाला हाक मारते. आज्ञा थांबविण्यास `Ctrl+C` दाबावे. राउटर मोकळा असेल तर तारेवरून पहिलीचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येते. बाईंना ६० ते ९० मिलिसेकंद दिसू लागले आणि मधूनमधून `Request timed out` असे आले. पहिलीचे उत्तर जलद व दुसरीचे मंद असते, तर दोष तारेत किंवा तिच्यापलीकडे धरावा लागला असता. येथे राउटर स्वतःच उत्तर देण्यास उशीर करीत होता.

येथे एक सावधगिरी हवी. पुष्कळ राउटर अशा हाकेला कमी महत्त्व देतात. म्हणून एखादा मोठा आकडा आला तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. निदान दोन मिनिटे पाहावे, आणि वर्ग थांबताच आकडे खाली येतात की नाही तेही पाहावे. बाईंनी मुलांना टॅब पालथे ठेवण्यास सांगितले. अर्ध्या मिनिटात आकडा पुन्हा एकाच्या आत आला. गर्दी ओसरताच बरा होणारा आजार प्रोसेसरचा असतो. राउटरच्या पानावर शोध घेता `QoS` चालू असलेले आढळले. कार्यालयाच्या लॅपटॉपला अग्रक्रम मिळावा म्हणून जोडणी करून देणाऱ्या माणसाने ते चालू केले होते. ते बंद करताच, वर्ग तसाच चालू असता, आकडा ३ ते ५ मिलिसेकंदांवर आला. रोजची तक्रार तेथेच पुष्कळशी मिटली.

तारेने जोडून परीक्षा करण्याचे कारणही सांगणे अगत्याचे आहे. वायफायची हवा सर्व उपकरणांत सामाईक असते; एका वेळी एकानेच बोलायचे. लांबच्या खोलीतील टॅब सावकाश बोलतो व इतरांचा वेळ खातो. हा दोष प्रोसेसरचा नव्हे, मेमरीचाही नव्हे. तारेवरून सर्व ठीक आणि टॅबवरूनच मंद, असे दिसले तर दोष हवेत आहे असे समजावे. तेथे राउटरची जागा बदलणे, दुसरा प्रसारक बसविणे हे उपाय लागू पडतात. बलवान प्रोसेसर तेथे फारसा उपयोगी नाही.

तिसरी परीक्षा गुरुवारी झाली. वेग मंद नव्हता. `ping` चे आकडे चांगले होते. तरी नवी पाने उघडत नव्हती. बाईंनी राउटरच्या पानावरील `System Log` उघडला. त्यात ही ओळ पुनःपुन्हा आलेली होती:

```
nf_conntrack: table full, dropping packet
```

नोंदवही भरली, पॅकेट टाकून देत आहे, असा तिचा अर्थ. प्रत्येक यंत्र ही ओळ दाखवीलच असे नाही. जेथे ती दिसत नाही तेथे लक्षणांवरून ठरवावे: चालू काम चालते, नवे अडते, आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केला की काही काळ सर्व सुरळीत होते. बंद-चालू केल्याने बरा होणारा, आणि पुन्हा हळूहळू साठत जाणारा आजार नोंदवहीचा असतो. गर्दीने होणारा व गर्दीबरोबर जाणारा आजार तो नव्हे. या दोहोंतील फरक मनात पक्का ठेवला म्हणजे उपाय चुकत नाही.

उपायांपैकी काहींना पैसा लागत नाही. पहिला, राउटर रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. वही कोरी होते. वर काढलेल्या हिशेबात दिवसाचा सर्वांत मोठा आकडा २४०, ६०० आणि ९० मिळून ९३० होतो. २,०४८ घरांत तो सहज मावतो. दुसरा, टॅब कपाटात ठेवण्यापूर्वी ॲप बंद करावीत व वायफाय बंद करून दोन मिनिटांनी टॅब ठेवावा असे पुष्कळ जण सुचवितात. यांपैकी ॲप बंद करणे काही अंशी उपयोगी आहे, कारण निरोप घेण्यास अवधी मिळतो. परंतु वायफाय आधीच तोडले तर कपाटाचाच परिणाम होतो. म्हणून प्रथम ॲप बंद, मग थोडा वेळ, मग कपाट, हा क्रम राखावा. तिसरा, ॲप आपोआप अद्ययावत होण्याची सोय शाळेच्या वेळात बंद ठेवावी. चौथा, वीस मुलांना एकच चित्रफीत दाखवायची असेल तर वीसदा मागवू नये. दीक्षा ॲपवरील पाठ आधी उतरवून ठेवता येतात. तसे केले म्हणजे तासाच्या वेळी राउटरला कामच उरत नाही.

या उपायांनीही भागत नसेल तर नवे यंत्र घ्यावे लागते. घेताना खोक्यावरील मोठ्या आकड्याने भुलू नये. "एसी १२००" यासारखा आकडा दोन वायफाय पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असते: ३०० आणि ८६७ मिळून जवळजवळ १,२००. प्रोसेसर व मेमरी यांविषयी तो काहीच सांगत नाही. अँटेना किती यावरूनही ते कळत नाही. विक्रेत्यास लेखी विचारावे की, प्रोसेसर किती गाभ्यांचा व किती मेगाहर्ट्झचा, मेमरी किती एमबी, आणि तारेची भोके १०० ची की १,००० ची. चाळीस-पन्नास उपकरणांच्या शाळेसाठी दोन गाभ्यांचा ८८० मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर, १२८ एमबी मेमरी व १,००० एमबीपीएसची भोके ही बेताची अपेक्षा आहे. याच वर्गातील यंत्रांत नोंदवही कित्येक पटींनी मोठी ठेवता येते.

जुने यंत्र मात्र टाकून देऊ नये. पुष्कळ राउटरांच्या पानावर `Access Point Mode` अशी सोय असते. ती निवडली व यंत्र तारेने नव्या राउटरला जोडले म्हणजे ते लिपिकाचे काम सोडून केवळ निरोप्याचे काम करते: टॅबचे पॅकेट घेतले, नव्या राउटरकडे दिले. क्रमांक देणे, वही ठेवणे, नियम तपासणे ही सर्व कामे नव्या यंत्राकडे जातात. ज्या यंत्राला वहीचे ओझे झेपत नव्हते त्यालाच दुसऱ्या खोलीत वायफाय पुरविण्याचे काम उत्तम जमते.

सदर शाळेत तसेच करण्यात आले. समितीच्या सभेत बाईंनी वरील बेरीज फळ्यावर मांडली. सभासदांपैकी एका शेतकऱ्याने विचारले, "बाई, म्हणजे पाणी पुष्कळ आहे, पण चारीचं तोंडच लहान?" बाई म्हणाल्या, "तोंड लहान आहेच, दादा. शिवाय गेल्या पाळीचा गाळही आत साचलाय. नुसतं धरणाचं पाणी वाढवून काय होणार?" २०० एमबीपीएसच्या योजनेचा ठराव मागे घेण्यात आला. त्याऐवजी एकदाच अडीच हजारांच्या आतील एक राउटर घेण्यात आला. जुना सातवीच्या खोलीत निरोप्या म्हणून बसविण्यात आला. पुढच्या गुरुवारी बाजार नेहमीप्रमाणे भरला आणि सहावीचा तासही नेहमीप्रमाणे झाला.

ज्या शाळांत राउटर आहे तेथे तो जडवस्तुसंग्रह नोंदवहीत "राउटर, नग एक" एवढ्यावरच नोंदलेला असतो. त्या नोंदीपुढे तीन आकडे अधिक लिहावेत: प्रोसेसरचे मेगाहर्ट्झ, मेमरीचे एमबी व भोकांचा वेग. यंत्राच्या खालच्या चिठ्ठीवरील नमुना क्रमांकावरून ते मिळविता येतात. चौथा आकडा एका मोकळ्या सकाळी स्वतः मोजून लिहावा: तारेवरून राउटरला मारलेल्या हाकेचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले. पुढे कधी तक्रार उद्भवली तर या चार आकड्यांशी त्या दिवसाचा आकडा ताडून पाहावा. आणि खर्चाचा ठराव त्यानंतर मांडावा.